स्पोकन इंग्लिशच्या जाहिरातीचा मजकूर – जरा डोळ्याखालून घालाल का?

मंजिरी_नाशिक
नमस्कार मंडळी. नाशिकला इंदिरानगरात आमच्या हॉलमध्ये मी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. त्याआधी १४ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्गाच्या तीन बॅच झाल्या, तिन्ही ओळखीपाळखीतून. येणाऱ्या बहुतेकजणी मुलं जरा मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या. आता पहिल्यांदाच जाहिरात लावायची आहे. वाण्याचं दुकान, दोन सोसायट्यांचे नोटीस बोर्ड आणि शाळेतल्या मुलांच्या आयांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एवढाच पसारा.

छपाईवाल्याने स्वतःच हा मजकूर करून पाठवला:

"भगिनींनो, चूल आणि मूल यातून बाहेर पडा! न्यूनगंड सोडा! घरी बसून इंग्रजीला गंज चढलाय? अवघ्या ६० दिवसांत फाडफाड इंग्रजी! नोकरीची १००% हमी!"

वाचून मलाच कसंतरी झालं. तो म्हणतो, "मॅडम, असं लिहिल्याशिवाय फोन येत नाहीत." वर्ग आठ आठवड्यांचा, आठवड्यातून तीन दिवस, दीड तास. फक्त १२ जणी. फी ४५००. काय बदलू?

खोबरंवडी
गंज! मी नऊ वर्षं घरी होते. त्या नऊ वर्षांत दोन मुलांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यास घेतला, सासऱ्यांच्या मेडिक्लेमचे कागद भरले, सोसायटीची मेंटेनन्सची वही सांभाळली. हे सगळं इंग्रजीतूनच वाचून. गंज चढलेला माणूस हे कसं करेल?

आणि न्यूनगंडाचं म्हणाल तर मला तो नव्हता. मला बोलायला माणूस नव्हतं. नवऱ्याशी इंग्रजीत बोलायला लागले की आम्ही दोघंही हसायचो. जाहिरातीत असं काही लिहा ना, की समजतं सगळं, पण वाक्य तोंडातून बाहेर पडताना अडतं. ते वाचून मी थांबले असते.

अ‍ॅडव्होकेट_नाही_पण
हमी ताबडतोब काढा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नोकरीची हमी लिहिली की दंड. तुमचा वर्ग त्यात येतो म्हणजे येतोच.

पिंट्याची_आई
मंजिरीताई, माझा मुलगा सहावीत आहे, त्याचं स्पेलिंग फार कच्चं आहे. तुमच्याकडे संध्याकाळची बॅच आहे का? आम्ही पाथर्डी फाट्यावर राहतो.

हिशेबनीस
सातपूरला एका छोट्या कंपनीत मी अकाउंट्स बघतो. दर वर्षी एक-दोन जागा निघतात, मुलाखतीत मी बसतो. परत येणाऱ्या बायका बऱ्याच येतात आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्याच असतात, कारण खातं जुळलं नाही तर त्या उठत नाहीत.

आमच्याकडे मुलाखत निम्मी मराठीतच होते. इंग्रजी लागतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे मुलाखतीतली पहिली पाच मिनिटं, कारण मालकांना तशी सवय आहे. दुसरं म्हणजे फोन. चेन्नईच्या किंवा अहमदाबादच्या पार्टीला फोन करून सांगायचं, की अमुक नंबरचं बिल आमच्याकडे आलंय पण तुमच्या जीएसटी रिटर्नमध्ये दिसत नाही, जरा बघून सांगा. समोरच्यालाही आपल्याइतपतच इंग्रजी येत असतं. 'फाडफाड' कुणालाच नको असतं. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम नीट सांगता आली आणि समोरच्याने सांगितलेलं नीट लिहून घेता आलं की झालं.

यात माणसं कुठे पडतात सांगू? स्पेलिंगमध्ये. फोनवर बी, डी, पी आणि टी सारखेच ऐकू येतात, एम आणि एनचंही तेच. जुने लोक "बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली" म्हणतात ते उगीच नाही. आणि 'एच' म्हटलं की कधीकधी समोरचा विचारतो, "आठ का?" जाहिरातीत 'ऑफिसचा फोन' हे शब्द टाका. मी तर त्यावरच माणूस पाठवीन.

मंजिरी_नाशिक
पिंट्याची आई, माझ्याकडे मुलांचा वर्ग नाही हो.

हिशेबनीस, फोन मी शेवटच्या दोन आठवड्यांत घेते, पण स्पेलिंगला कधी पूर्ण तास दिला नव्हता. देते आता.

खोबरंवडी म्हणतात ते अडणं मला दुसऱ्या बॅचमध्ये नीट दिसलं. एक विद्यार्थिनी, बी.कॉम., लग्नाआधी आणि नंतर मिळून सहा वर्षं अकाउंट्सचं काम, २०१४ला सोडलं. नाव सांगत नाही. "टेल मी अबाउट युअरसेल्फ" या प्रश्नाला तिचं उत्तर असं होतं:

"सर, आय अ‍ॅम हाउसवाइफ ओन्ली. आय अ‍ॅम अ‍ॅट होम सिन्स इलेव्हन इयर्स. बिफोर दॅट आय वॉज डुइंग जॉब."

यात शब्दांची वानवा कुठेच नाही. 'ओन्ली' आलंय आपल्या 'फक्त'मधून. "वॉज डुइंग" आलंय "करत होते"मधून. आणि 'सिन्स' आलंय 'पासून'मधून. मराठीत "२०१४पासून" आणि "अकरा वर्षांपासून" दोन्हीला एकच 'पासून' चालतं. इंग्रजीत साल असेल तर 'सिन्स' आणि काळाची लांबी असेल तर 'फॉर'. हा नियम मी तिला दोनदा समजावला. तिला कळला. बोलताना पुन्हा 'सिन्स'च आलं, कारण बोलताना नियम आठवायला वेळच नसतो.

मग आम्ही ते वाक्यच टाकून दिलं. घरी किती वर्षं होते हे सांगायचंच नाही, काय काय केलं ते सालवार सांगायचं आणि सगळं साध्या भूतकाळात. नवं उत्तर असं झालं:

"आय वर्क्ड इन अकाउंट्स फॉर सिक्स इयर्स. आय लेफ्ट इन टू थाउजंड फोर्टीन टु रेझ माय चिल्ड्रन. लास्ट इयर आय लर्न्ट टॅलीप्राइम अँड जीएसटी. नाउ आय वाँट टु वर्क फुल टाइम."

चार वाक्यं, वीस सेकंद. काम आधी, घर नंतर, शेवटी आताची तयारी. 'फॉर' तिने त्या एका वाक्यापुरतं पाठ केलं आणि ते चाललं.

मोकळाश्वास
ताई, व्याकरणात अडकवू नका बायकांना. आपण मराठी शिकलो तेव्हा कुणी व्याकरण शिकवलं होतं का? रोज एक तास इंग्रजी सिरियल बघायची आणि डोक्यात इंग्रजीतच विचार करायचा. सहा महिन्यांत जीभ मोकळी होते. मी स्वतः असाच शिकलो. चुका होऊ द्यात, फरक पडत नाही.

खोबरंवडी
मोकळाश्वास, एक तास सलग सिरियल बघायला मिळतो तुम्हाला? 😄

मंजिरी_नाशिक
चुका होऊ द्याव्यात हे मला पटतं, मी मध्ये टोकत नाही. ऐकण्याचाही फायदा होतोच. पण ऐकून समजणं माझ्या विद्यार्थिनींना आधीच येतं, अडतं ते पुढे. आणि 'हाउसवाइफ ओन्ली'सारखी चूक नुसती व्याकरणाची नाही. त्या एका शब्दाने समोरच्याला वाटतं की हिला स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तेवढी मी दुरुस्त करते.

बाकी सगळा खेळ तोंड किती मिनिटं चालतं याचा आहे. पहिल्या बॅचमध्ये मी शाळेसारखं शिकवलं. दीड तासातली ३० मिनिटं मी बोलायचे, उरलेल्या ६० मिनिटांत एकेकीला उभं करायचे. १२ जणी, म्हणजे प्रत्येकीला ५ मिनिटं. २४ तासिका झाल्या तेव्हा हिशेब केला, तर प्रत्येकजण पूर्ण कोर्समध्ये दोन तास बोलली होती! ४५०० रुपयांत दोन तास. मला लाज वाटली.

दुसऱ्या बॅचपासून जोड्या लावल्या. त्याच ६० मिनिटांत सहा जोड्या एकदम बोलतात, म्हणजे प्रत्येकीला साधारण ३० मिनिटं, कोर्सभरात १२ तास. हॉलमध्ये मासळीबाजार होतो, शेजारच्या काकू विचारून गेल्या काय चाललंय म्हणून. मला सगळ्यांच्या चुका ऐकू येत नाहीत, हा तोटा आहेच. म्हणून घरून रोज एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगते आणि तो ऐकून एकच चूक कळवते. एकच. तीन कळवल्या की दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग येत नाही, हे पाहिलंय.

रेवा_कुलकर्णी_पुणे
बाराच्या बारा तासांचा हा हिशेबच जाहिरातीत टाका. बाकीचे क्लासवाले "३६ तासांचा कोर्स" लिहितात, त्यात आपण किती बोलणार ते कुणी सांगत नाही.

कायद्याबद्दल वर लिहिलंय ते अर्धं बरोबर आहे. त्या २०२४च्या सूचनांमध्ये कोचिंग सेंटरची व्याख्या ५०हून जास्त विद्यार्थी असलेल्यांची आहे, तेव्हा १२ जणींचा वर्ग त्यात बसत नाही. पण २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच, आणि त्यातली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या लहान-मोठं बघत नाही. हमी काढायचीच आहे. त्या सूचनांमधली एक गोष्ट मात्र लागू नसली तरी उचला: कुणाचा फोटो किंवा अनुभव छापायचा तर तिला यश मिळाल्यानंतर लेखी परवानगी घ्यायची, प्रवेशाच्या फॉर्मवरच सही करून घ्यायची नाही.

अ‍ॅडव्होकेट_नाही_पण
५०ची अट माझ्या नजरेतून सुटली होती. तरी हमी काढा हे माझं बरोबरच निघालं.

हिशेबनीस
मंजिरीताई, ते चार वाक्यांचं उत्तर उत्तम आहे. पण एक अनुभव सांगतो, राग मानू नका. मागे एक बाई आल्या होत्या, पहिलं उत्तर असंच सुरेख दिलं. मी विचारलं, "टॅलीमध्ये काय काय केलंय?" तर त्या पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू झाल्या. पाठांतर लगेच कळतं. सगळी वाक्यं एकाच वेगात येतात, नजर वर जाते आणि मध्ये थांबवलं की गाडी रुळावरून घसरते. त्या बाईंना काम येत असावं, पण ते मला शेवटपर्यंत कळलंच नाही.

मंजिरी_नाशिक
राग कसला, माझ्याही विद्यार्थिनीचं पहिल्या मुलाखतीत हेच झालं. तिला विचारलं, "यू लेफ्ट बिफोर जीएसटी केम. हाउ विल यू मॅनेज?" जीएसटी आला जुलै २०१७मध्ये, तिने काम सोडलं ते व्हॅटच्या काळात. प्रश्न अगदी रास्त. ती गप्प बसली. घरी येऊन मला म्हणाली, मला उत्तर माहीत होतं हो, पण हा प्रश्न आपण केला नव्हता.

त्यानंतर नियम केला. जोडीतली दुसरी बाई उत्तराच्या मध्येच थांबवते आणि न ठरवलेले तीन प्रश्न विचारते. आणि पहिल्याच आठवड्यात दोन वाक्यं घोटून घेते. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" आणि "गिव्ह मी अ मोमेंट." दुसऱ्या वाक्याने जो चार सेकंदांचा वेळ मिळतो, त्यात मराठीत सुचलेलं उत्तर इंग्रजीत वळवता येतं. जीएसटीच्या प्रश्नाला तिने नंतर बसवलेलं उत्तर असं: "आय डिड अ थ्री-मंथ कोर्स. आय प्रॅक्टिस्ड ऑन अ फ्रेंड्स शॉप अकाउंट्स. आय नीड वन मंथ टु गेट फास्ट." तिसरं वाक्य तिचं स्वतःचं आहे. मला भीती होती की ते कमकुवत वाटेल, पण दुसऱ्या ठिकाणी तेच ऐकून साहेब हसले म्हणे. तिथे ती लागली. इंग्रजीमुळेच लागली असं मात्र मी म्हणणार नाही, टॅली तिचं पक्कं होतं.

हा घ्या नवा मसुदा:

"गृहिणींसाठी इंग्रजी बोलण्याचा सराव वर्ग. इंग्रजी वाचता येतं, समजतं, पण बोलताना वाक्य अडतं? पुन्हा नोकरी सुरू करताना लागणारं इंग्रजी: मुलाखत, मधल्या वर्षांबद्दलचा प्रश्न आणि ऑफिसचा फोन. ८ आठवडे, १२ जणी, जोड्यांमध्ये सराव. इंदिरानगर, नाशिक."

रेवा_कुलकर्णी_पुणे
'गृहिणींसाठी' काढता येईल का? माझी बहीण दहा वर्षं घरी आहे, पण ती स्वतःला इंजिनिअर म्हणते. गृहिणी वाचून तिला वाटेल, हे आपल्यासाठी नाही.

खोबरंवडी
माझं उलट. मी गृहिणी आहे, मला त्याची लाज नाही. आणि तो शब्द नसला तर वर्गात कॉलेजच्या पोरी येतील, त्यांच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही.

मोकळाश्वास
'महिलांसाठी' लिहा, विषय संपला.

खोबरंवडी
कॉलेजच्या पोरी महिलाच असतात.

हिशेबनीस
फी लिहा. "संपर्क साधा" वाचलं की माझी बायको समजते, महाग आहे. आणि वेळही लिहा.

साताऱ्याची_सून
वेळेवरून सांगते. मी अशाच एका वर्गाला जायचे, ११ ते १२:३०. सकाळच्या शाळेची मुलं साडेबाराला दारात उभी. पंधरा दिवसांत निम्म्याजणी गळाल्या, आणि त्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, बायकांना चिकाटी नसते. चिकाटीचा काय संबंध? आमच्याकडे नोकरीला तर इंग्रजी विचारलंच नाही कुणी, पतसंस्थेत लागले मी, सगळं मराठीत. तरी बँकेचे मेल आले की बरं पडतं.

मंजिरी_नाशिक
वेळेचं माझ्या लक्षात होतं, माझी बॅच ९:३० ते ११ आहे. पण दुपारच्या शाळेची मुलं असलेल्यांना ती अडचणीची, त्या वेळी डबे असतात. म्हणून यंदा दुसरी बॅच २ ते ३:३० करून बघते.

'गृहिणी' शब्दावर रात्रभर विचार केला. वर्णन बाईचं करण्यापेक्षा तिला जे करायचंय त्याचं करते. खोबरंवडींची अडचण मात्र एका ओळीने सोडवावी लागेल. आणि जे जमणार नाही तेही लिहितेय. परदेशी ग्राहकांशी बोलण्याच्या कॉल सेंटरची तयारी ३६ तासांत होत नाही. मागच्या वेळी एकजण त्यासाठी आली आणि नाराज होऊन गेली. छपाईवाला म्हणतोय, "मॅडम, काय येणार नाही ते कोण छापतं?" बघू.

"नोकरी पुन्हा सुरू करताय?
काही वर्षांच्या खंडानंतर कामावर परतणाऱ्यांसाठी इंग्रजी बोलण्याचा सराव.
इंग्रजी वाचता येतं, समजतं, पण बोलताना वाक्य अडतं, अशांसाठी हा वर्ग आहे. अगदी सुरुवातीपासून शिकायचं असेल तर आधी फोन करा, योग्य ते सुचवू.
काय करू: तुमच्या कामाची ओळख चार वाक्यांत, मधल्या वर्षांबद्दलच्या प्रश्नाचं तुमचं स्वतःचं उत्तर, अनपेक्षित प्रश्न, ऑफिसचे फोन आणि फोनवर नाव-नंबर सांगणं-घेणं.
काय होणार नाही: कॉल सेंटरची तयारी आणि नोकरीची हमी.
१२ जणी, जोड्यांमध्ये सराव. ८ आठवड्यांत प्रत्येकजण साधारण १२ तास बोलते.
सोम, बुध, शुक्र. ९:३० ते ११ किंवा २ ते ३:३०. फी ४५००, दोन हप्त्यांत चालेल. पहिले दोन दिवस बसून बघा, मग ठरवा.
इंदिरानगर, नाशिक."

रेवा_कुलकर्णी_पुणे
बहिणीला पाठवलं. ती म्हणाली, 'खंडानंतर' ऐवजी काही साधं नाही का? पण फोन नंबर मागितलाय.

हिशेबनीस
"काय होणार नाही" ही ओळ ठेवाच. फक्त ती फीच्या खाली न्या, वर वाचून लोक पुढे सरकतील.

खोबरंवडी
नका नेऊ खाली. मी ती वाचूनच विश्वास ठेवीन. आणि "पहिले दोन दिवस बसून बघा" ठळक करा.

मंजिरी_नाशिक
वाण्याच्या दुकानात ती ओळ वर ठेवते आणि सोसायटीच्या बोर्डवर खाली. फोन कुठून आला ते प्रत्येकीला विचारीन आणि महिन्याने इथे आकडे टाकीन.

पिंट्याची_आई
ताई, २ ते ३:३०ची बॅच मला जमेल. मुलासाठी नाही, माझ्यासाठी विचारतेय. डी.एड. झालंय, २०११पासून घरी आहे. शाळेच्या ऑफिसातल्या नोकरीसाठी चालेल ना?